ओटच्या शेतातला खोटा तारा

कृषी विद्यापीठात एम.एस्सी. करणाऱ्या मुलामुलींच्या दोन वर्षांतला मोठा काळ शेतात जातो. वाफे आखणे, पेरणी, विरळणी, ठरलेल्या दिवशी झाडांची उंची मोजणे, कापणी, मळणी आणि शेवटी प्रत्येक वाफ्याच्या धान्याचे वजन. एवढी सगळी मेहनत मग आठ-दहा ओळींच्या एका तक्त्यात येऊन बसते. त्या तक्त्याला अनोवा म्हणतात. राहुरी असो, अकोला, परभणी की दापोली, सगळीकडे त्या तक्त्यावरूनच ठरते, की थिसिसमध्ये ‘फरक सिग्निफिकंट आहे’ असे लिहायचे की ‘एनएस’ ही दोन अक्षरे टाकून पुढे जायचे. आणि पुढेमागे तशाच निष्कर्षांतून शेतकऱ्याला कोणती जात पेरावी, किती नत्र द्यावे, याच्या शिफारशी तयार होतात.

बहुतेक विद्यार्थी हा तक्ता उजवीकडून वाचतात. शेवटच्या रकान्यात तारा आहे का, एवढे पाहतात. तारा दिसला की आनंद, नाही दिसला की गाइडला काय सांगायचे ही काळजी. माझे म्हणणे असे, की तारा पाहण्याआधी एकच गोष्ट तपासावी: एफ ही संख्या कशाला कशाने भागून आली? कारण तेच शेत, तेच वाफे आणि तेच आकडे असताना भाजक चुकीचा घेतला, तर नसलेला तारा उगवतो. हे एका खऱ्या प्रयोगावर दाखवता येते.

इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड संशोधन केंद्राचे संख्याशास्त्रज्ञ फ्रँक येट्स यांनी १९३५ साली गुंतागुंतीच्या प्रयोगांवर एक लेख प्रसिद्ध केला. त्यातला ओट पिकाचा प्रयोग आज जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आहे, आणि ‘आर’ या मोफत संगणकप्रणालीतही त्याचे आकडे तयार मिळतात. ओटच्या तीन जाती होत्या: गोल्डन रेन, मार्व्हलस आणि व्हिक्टरी. नत्राच्या चार मात्रा होत्या: एकरी शून्य, ०.२, ०.४ आणि ०.६ हंड्रेडवेट. आपल्या हिशेबात त्या साधारण हेक्टरी शून्य, २५, ५० आणि ७५ किलो होतात. शेताचे सहा ब्लॉक केले होते. आपल्याकडे त्यांना रेप्लिकेशन म्हणतात.

या प्रयोगाची मांडणी नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. प्रत्येक ब्लॉकचे आधी तीन मोठे वाफे केले आणि कोणत्या वाफ्यात कोणती जात, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे यदृच्छेने ठरवले. मग प्रत्येक मोठ्या वाफ्याचे चार लहान वाफे केले आणि त्यांत नत्राच्या चार मात्रा पुन्हा यदृच्छेने वाटल्या. म्हणजे मोठे वाफे १८ आणि लहान वाफे ७२. याला स्प्लिट प्लॉट म्हणतात. मोठा वाफा मेन प्लॉट, लहान वाफा सब प्लॉट.

अशी मांडणी हौसेने करत नाहीत. काही गोष्टी लहान वाफ्यात देताच येत नाहीत. आपल्याकडे रब्बीत पाण्याच्या पाळ्यांचा प्रयोग घेतला, तर दोन-तीन मीटरच्या वाफ्याला पाणी देऊन शेजारचा वाफा कोरडा ठेवणे कठीण असते, कारण पाणी बांधाखालून झिरपते. म्हणून पाणी मेन प्लॉटला आणि जाती किंवा खत सब प्लॉटला. नांगरटीचे किंवा पेरणीयंत्राचे प्रयोगही याच कारणाने असे मांडावे लागतात.

आता येट्स यांच्या आकड्यांचा अनोवा. ‘आर’मध्ये ही आज्ञा दिली:

```
library(MASS)
summary(aov(Y ~ N*V + Error(B/V), data = oats))
```

की असा तक्ता येतो:

```
Error: B
          Df Sum Sq Mean Sq F value Pr(>F)
Residuals  5  15875    3175

Error: B:V
          Df Sum Sq Mean Sq F value Pr(>F)
V          2   1786   893.2   1.485  0.272
Residuals 10   6013   601.3

Error: Within
          Df Sum Sq Mean Sq F value   Pr(>F)
N          3  20020    6673  37.686 2.46e-12 ***
N:V        6    322      54   0.303    0.932
Residuals 45   7969     177
```

`V` म्हणजे जात, `N` म्हणजे नत्र, `B` म्हणजे ब्लॉक. `Sum Sq` हा रकाना सांगतो, की ७२ वाफ्यांच्या उत्पादनात जी एकूण चढउतार आहे, तिच्यातला किती वाटा कोणाचा. सगळे वाटे मिळवले की साधारण ५१,९८६ होतात. त्यातले जवळपास १५,९०० एकट्या ब्लॉकचे आहेत, म्हणजे तीस टक्क्यांहून अधिक. शेताच्या एका टोकाची जमीन दुसऱ्या टोकापेक्षा बरीच वेगळी होती, हे या एका आकड्यावरून दिसते. ब्लॉक केले म्हणून हा फरक बाजूला काढता आला. केले नसते, तर तो सगळा एररमध्ये जाऊन बसला असता.

`Df` म्हणजे डीएफ. तुलनेसाठी किती स्वतंत्र माहिती हाती आहे, याचे ते माप. वाट्याला डीएफने भागले की `Mean Sq`, म्हणजे सरासरी चढउतार. आणि `Residuals` म्हणजे एरर: जात, नत्र आणि ब्लॉक यांचा हिशेब केल्यावरही जी चढउतार उरते ती. मातीचा कस, ओल, पाखरांनी टिपलेले दाणे, मोजमापातला थोडाफार फरक, असे सगळे त्यात असते. एफ म्हणजे एखाद्या घटकाची सरासरी चढउतार भागिले एररची सरासरी चढउतार. नुसत्या जमिनीच्या लहरीने जेवढा फरक पडतो, त्याच्या कितीपट फरक या घटकाने पडला, एवढेच एफ विचारतो.

या तक्त्यात एरर दोन आहेत हे पाहा. जातीच्या ओळीखालचा ६०१.३ आणि नत्राच्या ओळींखालचा १७७. जातीला ६०१ ने भागले, एफ आला १.४९. नत्राला १७७ ने भागले, एफ आला ३७.७. प्रत्येकाचा भाजक वेगळा.

दोन एरर कशासाठी, याचे उत्तर शेतात आहे. नत्राच्या चार मात्रा एकाच मोठ्या वाफ्यात शेजारी शेजारी आहेत. त्यांच्याखालची जमीन जवळजवळ सारखी, म्हणून त्यांची तुलना स्वच्छ होते. जातींची तुलना मात्र एक मोठा वाफा विरुद्ध दुसरा मोठा वाफा अशी आहे. ते एकमेकांपासून दूर आहेत आणि त्यांच्या जमिनीत फरक जास्त. म्हणून तिथला एरर मोठा, इथे जवळपास साडेतीन पट. आणि दुसरे असे, की मार्व्हलस ही जात २४ लहान वाफ्यांत दिसत असली, तरी ती शेतात २४ वेळा स्वतंत्रपणे पडलेली नाही. प्रत्येक ब्लॉकमध्ये एकदा, अशी सहा वेळाच ती वाट्याला आली, आणि प्रत्येक वेळी चार लहान वाफे एकत्र गेले. डेअरीवर एकाच कॅनमधून फॅट मोजायला चार नमुने काढले, म्हणून चार गोठ्यांच्या दुधाची माहिती मिळत नाही. तसेच हे. जातीबद्दल साक्ष देणारे मोठे वाफे १८. त्यातून एक वजा केला की १७ डीएफ. त्यांपैकी ५ ब्लॉकचे आणि २ जातींचे. उरले १०. जातीच्या एररला १० पेक्षा जास्त डीएफ मिळणे शक्यच नाही.

हा १० चा आकडा तक्ता तयार होण्याआधी, वहीत मांडणीचे चित्र काढून, हाताने काढता येतो. प्रत्येक विद्यार्थ्याने तो संगणक उघडण्यापूर्वी काढावा, असे मला मनापासून वाटते.

आता तेच आकडे घेऊन, मोठ्या वाफ्यांचा उल्लेख न करता, नेहमीच्या आरबीडीसारखी आज्ञा देऊ:

```
summary(aov(Y ~ B + N*V, data = oats))
```

संगणक तक्रार करत नाही. तो सुबक तक्ता देतो. फक्त आता एरर एकच असतो. आधीचे दोन्ही एरर एकत्र झालेले: ६०१३ आणि ७९६९ मिळून १३,९८२, डीएफ ५५, सरासरी २५४. जातीची ८९३ ही सरासरी चढउतार आता ६०१ ऐवजी २५४ ने भागली जाते. एफ १.४९ वरून ३.५१ वर जातो, पी ०.२७२ वरून ०.०३७ वर येतो, आणि ओळीच्या टोकाला एक तारा उमटतो.

शेतात काहीही बदललेले नाही. एक दाणाही इकडचा तिकडे झालेला नाही. तरी थिसिसमधले वाक्य उलटे होते. पहिल्या तक्त्यावरून लिहावे लागते, की जातींमध्ये फरक सिद्ध झाला नाही. दुसऱ्यावरून विद्यार्थी लिहील, की मार्व्हलस ही जात व्हिक्टरीपेक्षा सिग्निफिकंटली सरस ठरली. पाठीमागे प्रयोग खरा आहे, मोजमाप खरे आहे, संगणकाची बेरीज-वजाबाकीही बरोबर आहे. भाजक तेवढा त्या प्रयोगाचा नाही.

ही गल्लत नवशिक्यांचीच असते असे नाही. अनोवाची पद्धत रोनाल्ड फिशर यांनी रॉथॅमस्टेडमध्येच घडवली. त्यांनी विनिफ्रेड मॅकेन्झी यांच्यासोबत १९२३ साली बटाट्याच्या बारा जाती आणि खते यांवरचा लेख छापला. शेतीप्रयोगाचा अनोवा छापून आला तो त्या लेखात. तो प्रयोगही वाफ्यात वाफा अशा मांडणीचा होता, आणि त्या लेखात सगळ्यांना एकच एरर लावलेला होता. दोन वर्षांनी, १९२५ सालच्या आपल्या पुस्तकात, फिशर यांनी त्याच प्रयोगातले आकडे घेऊन दोन वेगळे एरर काढून दाखवले. आपल्याकडे ही सगळी विद्या शेतीच्या विद्यार्थ्यांपर्यंत पोचवली ती पानसे आणि सुखात्मे यांच्या पुस्तकाने. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९५४ मध्ये काढलेले ते पुस्तक अजूनही थिसिसांच्या संदर्भयादीत असते. त्यातले पां. वा. सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे.

बरोबर भाजकाचा तक्ता हाती आल्यावर वाचायला कुठून लागायचे? मुख्य घटकांच्या ओळींकडे जाण्याआधी `N:V` ही ओळ वाचावी. जात आणि नत्र यांची ही आंतरक्रिया, विद्यार्थ्यांच्या भाषेत इंटरॅक्शन. प्रश्न असा, की नत्राला तिन्ही जातींनी सारखाच प्रतिसाद दिला का? एखादी जात नत्राने भरभर वाढते आणि दुसरी लोळते, असे असेल, तर ‘नत्राची सरासरी’ या शब्दांना अर्थ उरत नाही. मग प्रत्येक जातीचा तक्ता वेगळा वाचावा लागतो. इथे एफ ०.३०, पी ०.९३. सरासरींकडे पाहिले तरी तेच दिसते. शून्य नत्रापासून सर्वांत वरच्या मात्रेपर्यंत गोल्डन रेनची वाढ ४४.८, मार्व्हलसची ४०.२ आणि व्हिक्टरीची ४७.० इतकी आहे. तिघींच्या वाढीच्या रेषा जवळपास समांतर. तेव्हा जातींची सरासरी काढून नत्राबद्दल बोलायला हरकत नाही.

हे आकडे त्या काळच्या मापात आहेत: एक अष्टमांश-दशांश नव्हे, तर एकराच्या ऐंशीव्या भागाच्या वाफ्यातले पाव-पाव पौंड. त्यातला एक म्हणजे हेक्टरी साधारण २२.४ किलो धान्य, असे धरले की आपल्याला अंदाज येतो. सगळ्या प्रयोगाची सरासरी १०४, म्हणजे हेक्टरी तेवीस क्विंटलच्या थोडी वर.

आता जातीची ओळ. पी ०.२७ याचा अर्थ इतकाच, की तिन्ही जाती खरोखर सारख्या असत्या, तरी केवळ जमिनीच्या लहरीने एवढा किंवा याहून मोठा एफ शंभरात सत्तावीस वेळा दिसला असता. हे काही मोठे आश्चर्य नव्हे, म्हणून फरक मान्य करायला पुरावा अपुरा. पण इथे विद्यार्थी एक पाऊल जास्त टाकतात आणि लिहितात, ‘तिन्ही जाती समान उत्पादनाच्या आहेत.’ तक्ता तसे म्हणत नाही. तो काय म्हणतो, हे सी.डी.वरून कळते.

एका जातीची सरासरी २४ लहान वाफ्यांची आहे. दोन जातींच्या फरकाची प्रमाणित चूक काढायला ६०१.३ ला दोनने गुणायचे आणि २४ ने भागायचे. आले ५०.१. त्याचे वर्गमूळ ७.०८. टी-तक्त्यात १० डीएफला ५ टक्क्यांची किंमत २.२३ आहे. दोन्हींचा गुणाकार १५.८. ही जातींची सी.डी. मार्व्हलसची सरासरी १०९.८ आणि व्हिक्टरीची ९७.६, फरक १२.२. तो १५.८ पेक्षा कमी आहे. पण १५.८ म्हणजे हेक्टरी साडेतीन क्विंटल! एवढ्या फरकाखालचे काही ओळखण्याची ताकद या प्रयोगात जातींच्या बाबतीत नव्हतीच. फरकाची खरी किंमत कुठे असू शकेल, हे लिहायचे तर १२.२ च्या दोन्ही बाजूंना १५.८ धरावे. मार्व्हलस व्हिक्टरीपेक्षा हेक्टरी सुमारे ८० किलोने कमी असण्यापासून ६२५ किलोने जास्त असण्यापर्यंत काहीही या आकड्यांशी जुळते. सहा क्विंटलचा फरक शक्य असताना ‘समान’ म्हणणे शेतकऱ्यावर अन्याय आहे, आणि ‘सरस’ म्हणणे तर आहेच. थिसिसमध्ये वाक्य असे असावे: मार्व्हलसचे सरासरी उत्पादन व्हिक्टरीपेक्षा हेक्टरी २७३ किलोने जास्त दिसले, परंतु हा फरक या प्रयोगात सिद्ध झाला नाही. आणि त्याच्यापुढे सी.डी. छापावी, नुसते एनएस नको. एनएस लिहून सी.डी.च्या जागी डॅश टाकण्याची आपल्याकडे रीतच पडली आहे. त्या डॅशमुळे वाचणाऱ्याला कळत नाही, की फरक खरोखर लहान होता की प्रयोगच बोथट होता.

यातून मांडणीचा एक धडा आधीच घेता येतो. ज्या गोष्टीबद्दल बारीक फरक कळायला हवा, ती सब प्लॉटला ठेवावी. येट्स यांच्या प्रयोगात सब प्लॉटचा सी.व्ही. १२.८ टक्के आहे आणि मेन प्लॉटच्या एररवरून काढलेला २३.६ टक्के. जातींमधला फरक हाच तुमचा मुख्य प्रश्न असेल आणि जाती मेन प्लॉटला टाकल्या असतील, तर कापणीनंतर कोणताही तक्ता तो प्रश्न सोडवणार नाही.

नत्राच्या ओळीत तीन तारे आहेत. `2.46e-12` म्हणजे दशांशचिन्हानंतर अकरा शून्ये आणि मग २४६. नत्राने उत्पादन बदलले, यात शंका नाही. पण ते कुणालाही आधीच माहीत होते. खरा प्रश्न किती नत्राने किती, हा आहे. चार सरासरी अशा: ७९.४, ९८.९, ११४.२ आणि १२३.४. पहिल्या २५ किलो नत्राने १९.५ ची वाढ, दुसऱ्या २५ ने १५.३ ची, तिसऱ्याने ९.२ ची.

इथे रूढ पद्धत अशी, की सी.डी. काढायची आणि शेजारच्या मात्रा त्याहून वेगळ्या आहेत का, ते पाहायचे. वेगळ्या नसतील तर ‘अॅट पार’. नत्राची सी.डी. १७७ या एररवरून ८.९ येते. ९.२ तिच्यापेक्षा जास्त आहे, म्हणून ७५ किलोची मात्रा ५० पेक्षा सरस. पण किती थोडक्यात! शेवटची वाढ हेक्टरी पाच-सहा किलोंनी कमी भरली असती, तर त्याच तक्त्यावरून ‘५० आणि ७५ अॅट पार, म्हणून ५० ची शिफारस’ असे लिहिले गेले असते. हेक्टरी तेवीस क्विंटलच्या पिकात पाच किलोंवर शिफारस फिरू देणे शहाणपणाचे नाही.

मात्रा या जातींसारख्या सुट्या गोष्टी नाहीत. त्या एका ओळीत उभ्या आहेत, शून्य, २५, ५०, ७५. म्हणून त्यांना रेषा लावून पाहावी. नत्राच्या ओळीतले तीन डीएफ तीन तुकड्यांत मोडता येतात: सरळ चढ, वाक आणि उरलेला वळसा. २०,०२० पैकी १९,५३६ सरळ चढाच्या वाट्याला जातात. वाकाला ४८० आणि वळशाला जेमतेम चार. वाकाचा एफ २.७१ आणि पी साधारण ०.११. म्हणजे वाढ हळूहळू कमी होत गेलेली डोळ्यांना दिसते, पण तो वाक या प्रयोगात पक्का सिद्ध होत नाही. पक्के आहे ते एवढेच, की हेक्टरी ७५ किलोपर्यंत उत्पादन चढत गेले, सरासरी एक किलो नत्रामागे सुमारे १३ किलो धान्य या गतीने. यावरून ‘७५ किलो ही सर्वोत्तम मात्रा’ असे लिहिता येत नाही. ती फक्त तपासलेल्यांतली सर्वांत मोठी मात्रा आहे. माथा त्यापुढे असेल, तर तो दिसायला त्यापुढच्या मात्रा हव्या होत्या. आणि शेतकऱ्याला परवडते का, हा प्रश्न तारे सोडवत नाहीतच. शेवटच्या २५ किलो नत्राने हेक्टरी दोन क्विंटल धान्य दिले. खताचा आणि धान्याचा भाव घेऊन तो हिशेब वेगळा मांडावा लागतो.

हे सगळे एका हंगामाचे आणि एका शेताचे उत्तर आहे, हेही ध्यानात ठेवायला हवे. सहा ब्लॉक एकाच शेतातले होते. पुढच्या वर्षी पाऊस वेगळा पडला तर काय होईल, हे त्यांतल्या कोणत्याही एररला ठाऊक नाही. म्हणून कृषी विद्यापीठे शिफारशीआधी दोन-तीन वर्षांचे आकडे एकत्र करतात, आणि तिथेही पुन्हा तोच प्रश्न येतो: वर्षांमधला फरक कशाने भागायचा?

जुन्या थिसिसमधला तक्ता हाताशी असेल आणि त्यात एरर किती घेतले हे लिहिलेले नसेल, तरी ते शोधता येते. तक्त्याखाली एस.ई.(एम) दिलेली असते. तिचा वर्ग करायचा आणि ती सरासरी जितक्या वाफ्यांची आहे, त्या संख्येने गुणायचे. येट्स यांच्या ओटसाठी जातींची एस.ई.(एम) ५.००५ आहे. तिचा वर्ग गुणिले २४ म्हणजे ६०१. नत्राची ३.१४. तिचा वर्ग गुणिले १८ म्हणजे १७७. दोन वेगळे आकडे, म्हणजे दोन एरर नीट घेतलेले. चुकीच्या आज्ञेने काढल्या असत्या, तर जातींची ३.२५ आणि नत्राची ३.७६ छापली गेली असती. दोन्हींतून, थोडा पूर्णांकाचा फरक सोडला, तर २५४ च निघतात. स्प्लिट प्लॉट असे शीर्षक असलेल्या थिसिसमध्ये मेन प्लॉट आणि सब प्लॉट दोघांच्या एस.ई.(एम) मधून एकच आकडा बाहेर पडला, की समजावे, तक्ता आरबीडीचा लावला आहे. मग त्यातल्या मेन प्लॉटच्या घटकावरच्या ताऱ्यावर विसंबू नये. गाइडकडून किंवा विभागाच्या कपाटातून मूळ वाफ्यांचे आकडे मिळवून `Error(B/V)` ही जोड घालून तो पुन्हा चालवावा. मूळ आकडे नसतील, तर निदान मांडणीच्या नकाशावरून मेन प्लॉटच्या एररचे डीएफ मोजून पाहावेत, आणि ते दहा-बाराच निघत असतील, तर तो निष्कर्ष आपल्या थिसिसमध्ये आधार म्हणून घेऊ नये.